सिंधमधून आलेल्यांच्या आठवणींवर लेख कसा लिहावा: मुलाखतीपासून छपाईपर्यंत

उल्हासनगर, पिंपरी, चेंबूर, मुलुंड, देवळाली, कोल्हापूरजवळचं गांधीनगर. महाराष्ट्रात १९४७ नंतर सिंधी कुटुंबं आली, त्यातल्या या काही वसाहती. तिथल्या वृद्धांशी बोलून लेख, पुस्तिका किंवा निदान घरापुरती नोंद तयार करायची इच्छा अनेकांना असते. नातवंडांना असते, तशी शेजारच्या मराठी माणसालाही असते. पण असे बरेच लेख एकाच साच्यातून निघतात: सुखी गाव, अचानक दंगल, रात्रीचं पलायन, कॅम्पातले हाल आणि शेवटी कष्टाचं यश. सांगणारा प्रामाणिक असतो, लिहिणाराही. तरी लेखातली तारीख चुकते, कारण चुकतं, आणि कुणावर तरी नकळत अन्याय होतो. तो टाळायचा तर काम कोणत्या क्रमाने करावं, हे इथे लिहितो आहे. उदाहरण सिंधचं घेतलं आहे, कारण ते आपल्या दाराशी आहे आणि पंजाबच्या गोष्टीपेक्षा बरंच वेगळं आहे.

मुलाखतीआधी कागदावर आराखडा

कुणालाही भेटण्याआधी एक पानभर कालपट तयार करा. सिंधबाबत तो साधारण असा होतो. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, म्हणून मुंबईशी शिक्षणाचे, नोकरीचे, व्यापाराचे धागे आधीपासून होते. कराचीतल्या एका जुन्या शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे, ते याच काळाची खूण. १९४१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या सुमारे ४५ लाख होती आणि त्यात हिंदू सव्वाबारा लाखांच्या आसपास. १९४७ मध्ये पंजाब आणि बंगाल विभागले गेले, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना सीमेच्या अलीकडे स्वतःचा असा तुकडा उरला नाही. पूर्व पंजाब होता, तसा पूर्व सिंध नव्हता.

पुढच्या तारखा सर्वांत महत्त्वाच्या. ऑगस्ट १९४७ मध्ये पंजाब पेटलेला असताना सिंध त्या मानाने शांत होता आणि अनेक कुटुंबं थांबूनच होती. १७ डिसेंबर १९४७ ला सिंधमधल्या हैदराबादला दंगल झाली. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत बोटीने मुंबईकडे निघालेल्या शिखांना एका गुरुद्वारात उतरवलं होतं, त्या गुरुद्वारावर हल्ला झाला आणि नंतर शहरभर हिंदूंची घरं लुटली गेली. स्थलांतराचा मोठा लोंढा त्यानंतरचा. बहुतेक लोक कराचीहून बोटीने मुंबई, ओखा, पोरबंदर, वेरावळ अशा बंदरांत उतरले. बाकीचे मीरपूरखासवरून मुनाबाव, बाडमेर अशा रेल्वेने जोधपूरकडे आले.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी रिकामी होती, तिथल्या बरॅकींमध्ये सुमारे एक लाख लोकांना ठेवलं गेलं. त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव ८ ऑगस्ट १९४९ ला मिळालं, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते. गांधीनगरची जागा म्हणजे वळिवडे. महायुद्धात तिथे पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, ते गेल्यावर सिंधी आले.

हा कागद मुलाखतीला जाताना खिशात असू द्या, पण सांगणाऱ्यापुढे काढू नका. त्यांच्या आठवणीला तुमच्या तारखांनी वळण लागलं, की मुलाखतीचा उपयोग संपला.

कुणाला भेटायचं

आधी वयाचा हिशोब करा. १९३८ साली जन्मलेली व्यक्ती १९४७ मध्ये नऊ वर्षांची होती. नऊ वर्षांच्या मुलीला घराचा जिना, शेजाऱ्यांच्या घरचा वास, बोटीवरची उलटी हे सगळं पक्कं आठवू शकतं. वडिलांनी घर किती रुपयांना विकलं, प्रांताचं सरकार काय करत होतं, दंगल कुणी पेटवली, हे तिला त्या वयात कळणं शक्य नव्हतं. ते तिने नंतर ऐकलं. दोन्ही गोष्टी लेखात येऊ शकतात, पण वेगवेगळ्या वजनाने. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक माहितीपुढे तीनपैकी एक खूण करा: पाहिलं, घरात ऐकलं, नंतर कळलं. माझ्या मते या सगळ्या कामात इतकी उपयोगी दुसरी सवय नाही.

मग कुणाचा आवाज तुमच्याकडे येतो आहे आणि कुणाचा येत नाही, ते तपासा. ओळखीच्या ओळखीने गेलात, तर बहुतेकदा सुस्थितीतल्या घरांतच पोचता. सिंधी समाजात नोकरशाहीतले आमील आणि व्यापारी भाईबंद यांचे अनुभव वेगळे होते. ज्यांच्या पेढ्या आधीच परदेशात होत्या, त्यांना पैसा उभा करणं त्या मानाने सोपं गेलं. खेड्यातला छोटा दुकानदार सगळं मागे टाकून आला. एकाच घरात भावाची आणि बहिणीची आठवण वेगळी असते, कारण कॅम्पात भाऊ शाळेत गेला आणि बहीण पापड लाटत बसली.

दलितांचा भाग तर बहुतेक लेखांतून सुटतोच. कराचीतल्या सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली देश सोडू दिला जात नव्हता. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांचा प्रश्न मांडला होता. थरपारकर भागात मेघवाड, कोळी, भिल्ल मोठ्या संख्येने मागेच राहिले आणि आजही तिथे आहेत. ‘सगळे हिंदू निघून आले’ असं वाक्य लिहायच्या आधी ही माणसं डोळ्यांपुढे आणा.

तुम्हाला या सगळ्यांना भेटता येणार नाही. पण लेखात एक साधं वाक्य घालता येतं: मी ज्यांच्याशी बोललो, ती बहुतेक हैदराबादची व्यापारी कुटुंबं होती. वाचकाला लगेच कळतं की चित्राची चौकट केवढी आहे.

पहिली भेट रेकॉर्डरशिवाय

पहिल्या भेटीत फक्त ओळख करा. काय लिहिताय, कुठे छापणार, नाव येणार की नाही, फोटो लागणार का, नको वाटलं तर कुठपर्यंत थांबवता येईल, हे सगळं त्यांच्या भाषेत सांगा. मोठ्या वयाच्या अनेक सिंधी आजी-आजोबांना हिंदी येते, पण मनातलं सिंधीतच येतं. घरातलं कुणी दुभाषा होणार असेल तर एक अडचण आधीच ओळखून ठेवा: मुलगा आईचं बोलणं सांगताना त्यातला राग, लाज आणि कधी कधी अख्खा प्रसंगच गाळतो. त्यामुळे सिंधी बोलणं तसंच रेकॉर्ड करा आणि नंतर घराबाहेरच्या जाणकाराकडून ऐकून घ्या.

खोलीत कोण बसलं आहे, यावर उत्तर ठरतं. मोठा मुलगा समोर असेल तर गोष्ट वडिलांच्या कर्तृत्वाकडे वळते. सुना आणि नातवंडं असतील तर मारहाणीचे, उपासमारीचे प्रसंग गाळले जातात. दुसऱ्या भेटीत शक्य असेल तर एकट्याने बोलायची विनंती करा, पण हट्ट नको.

संमती दोनदा घ्या. एकदा रेकॉर्डिंगआधी आणि एकदा तुमचा मजकूर तयार झाल्यावर. पहिल्या वेळी माणसाला आपण काय बोलणार आहोत तेच माहीत नसतं, मग त्या होकाराला पुरेसा अर्थ कसा असेल? दुसऱ्या वेळी मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. डोळ्यांना दिसत नसलेल्या आजींच्या हातात छापील कागद देऊन सही घेणं ही संमती नव्हे.

प्रश्न घरापासून सुरू करा

‘फाळणीत तुमच्यावर काय बेतलं?’ या प्रश्नाला तयार गोष्ट मिळते, कारण ती त्यांनी आधी अनेकदा सांगितलेली असते. त्याऐवजी घर विचारा. दरवाजा कुठल्या दिशेला होता, पाणी कुठून यायचं, छतावर वाऱ्यासाठी झरोके होते का, शेजारी कोण, शाळेत कुठली लिपी शिकवायचे, टिकाण्यात, म्हणजे सिंधी देवस्थानात, कोण जायचं. घर डोळ्यांपुढे उभं राहिलं की निघण्याचा दिवस त्यात आपोआप बसतो आणि तयार गोष्टीत नसलेले तपशील बाहेर येतात: कुठली पेटी घेतली, कुठली ठेवली, किल्ली कुणाकडे दिली.

तारीख थेट विचारू नका. सणांवरून आणि मोठ्या घटनांवरून विचारा. ‘त्या वर्षीची दिवाळी कुठे केलीत?’ दिवाळी नोव्हेंबर १९४७ मध्ये होती. ‘गांधीजी गेल्याची बातमी कळली तेव्हा कुठे होतात?’ म्हणजे ३० जानेवारी १९४८. ‘होळी?’ म्हणजे मार्च. एवढ्या तीन प्रश्नांत निघण्याचा महिना बहुतेकदा सापडतो.

उत्तर सुचवणारा प्रश्न ओळखायला शिका. ‘मुसलमानांनी तुमचं घर लुटलं का?’ आणि ‘शेजारच्या मुसलमानांनी तुम्हाला मदत केली ना?’ हे दोन्ही सारखेच वाईट प्रश्न आहेत. पहिल्यात राग हवा असतो, दुसऱ्यात दिलासा. ‘त्या दिवशी घराबाहेर कोण होतं? त्यांना तुम्ही ओळखत होतात का?’ असं विचारा. उत्तर ‘नाही, ते गावातले नव्हते’ असं आलं, तर तिथे थांबून पुढे विचारण्यासारखं बरंच काही असतं.

स्त्रियांवरच्या अत्याचाराबद्दल आपण होऊन विचारू नका. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी दोन्ही सरकारांनी मोहीम चालवली, भारतात त्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला, आणि अनेक स्त्रियांना त्यांची इच्छा न विचारता हलवलं गेलं. हा इतिहास मोठा आहे, पण तो कुणा एका आजींच्या तोंडून काढून घ्यायचा तुम्हाला हक्क नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, तर रेकॉर्डिंग थांबवून विचारा की हे लिहायचं का. उत्तर हो असलं तरी नाव, गाव आणि नात्याची खूण बदला किंवा काढा, आणि मुलांना हे माहीत आहे का, याची खात्री करून घ्या. लेखातून घरच्यांना पहिल्यांदा कळणं ही फार मोठी इजा आहे.

कुणाचा श्वास चढला, हात थरथरायला लागले, तेच वाक्य पुन्हा पुन्हा यायला लागलं, तर थांबा. मग लगेच उठून निघू नका. चहा होऊ द्या, कॅम्पातल्या शाळेबद्दल, लग्नाबद्दल, आजच्या दिवसाबद्दल बोला. माणसाला १९४७ मध्ये सोडून घरी यायचं नसतं.

एक साक्ष, उलगडून

अशा मुलाखतींत वारंवार येणारे तपशील एकत्र करून एक नमुना घेऊ. तो केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहे. प्रत्यक्ष लेखात अनेकांच्या आठवणी शिवून एक माणूस उभा करायचा नसतो, कारण मग कुठलंही वाक्य कुणाचंच राहत नाही.

सिंधमधल्या हैदराबादच्या एक आजी, तेव्हा नऊ वर्षांच्या. त्या सांगतात: ‘पंधरा ऑगस्टला फाळणी झाली, दंगल उसळली. त्याच रात्री आम्ही घर सोडलं. शेजारच्या चाचांनी टांग्यातून स्टेशनवर पोचवलं. कराचीहून बोटीत बसलो आणि मुंबईहून उल्हासनगरला आलो.’

कालपट सांगतो की हैदराबादची दंगल ऑगस्टमधली नाही. म्हणून काय विचारायचं? दिवाळी. आजी म्हणतात, दिवाळी घरीच केली, पण वडिलांनी फटाके आणू दिले नाहीत. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्या हैदराबादमध्येच होत्या. गांधीजी गेले तेव्हा? ‘कॅम्पात होतो. त्या दिवशी कुणी चूल पेटवली नाही.’ म्हणजे ३० जानेवारीआधी पोचल्या. आता निघण्याचा काळ अडीच महिन्यांच्या आत आला आणि त्यात दोन दंगली बसतात: १७ डिसेंबरची हैदराबादची आणि ६ जानेवारीची कराचीची.

पुढचा प्रश्न जागेचा. आवाज ऐकला तेव्हा तुम्ही कुठल्या घरात होतात? आपल्या की दुसऱ्या कुणाच्या? आजी सांगतात की आपल्याच घरात, वरच्या मजल्यावर, आईने खिडक्या लावून घेतल्या होत्या. ही हैदराबाद. मग कराचीत किती थांबलात? इथे नवी गोष्ट निघते: बोटीची जागा मिळेपर्यंत बंदर रोडवरच्या स्वामीनारायण मंदिराच्या आवारात राहिलो, खूप माणसं होती. हे मंदिर त्या काळात निघालेल्या कुटुंबांचं थांबण्याचं ठिकाण होतं, त्यामुळे तपशील बरोबर जुळतो. ६ जानेवारीला त्या तिथे होत्या का, हे आजींना सांगता येत नाही. तो प्रश्न मोकळाच ठेवायचा. ओढूनताणून कराचीच्या दंगलीत त्यांना बसवायचं नाही, मग त्याने लेख कितीही रंगो.

‘उल्हासनगर’ हे नावही तपासा. जानेवारी १९४८ मध्ये ते कल्याण कॅम्प होतं. आजी आजच्या नावाने सांगतात, ते स्वाभाविकच आहे. अवतरणात त्यांचा शब्द ठेवा, स्वतःच्या वाक्यात कल्याण कॅम्प लिहा.

आणि ‘त्याच रात्री’? ते खोटं नाही. वर्षानुवर्षं सांगताना चार-पाच महिने एका रात्रीत मिटले. मूल म्हणून त्यांच्यासाठी निघणं अचानकच होतं, कारण मोठ्यांची कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. लेखातला परिच्छेद मग असा होऊ शकतो:

‘आजींच्या आठवणीत फाळणी आणि निघणं एकाच रात्रीत घडतं. “त्याच रात्री आम्ही घर सोडलं,” त्या म्हणतात. पण त्या वर्षीची दिवाळी त्यांनी हैदराबादच्या घरीच केली होती, फटाक्यांशिवाय. शहरात दंगल झाली ती १७ डिसेंबरला, आणि तिचा आवाज त्यांनी वरच्या मजल्यावरून ऐकला. शेजारच्या चाचांच्या टांग्याने त्या स्टेशनवर गेल्या ते बहुधा त्यानंतरच्या दिवसांत.’

इथे आजींना कुठेही खोटं पाडलेलं नाही आणि वाचकालाही चुकीची तारीख दिलेली नाही. ‘बहुधा’ हा शब्द तेवढ्याच जागी आहे, जिथे खरोखर खात्री नाही. प्रत्येक ओळीत ‘म्हणे’, ‘कथित’ पेरलं तर सांगणाऱ्याचा अपमान होतो.

कागदपत्रं असतील तर ती इथे उपयोगी पडतात. मुंबई सरकारने १९४८ मध्ये निर्वासितांच्या नोंदणीचा कायदा केला होता, त्यामुळे काही घरांत नोंदणीचे कागद असतात. १९५० आणि १९५४ च्या कायद्यांखाली मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासले गेले आणि भरपाई दिली गेली. दाव्यात लिहिलेली किंमत आणि मंजूर झालेली किंमत वेगळ्या असतात, आणि मोठ्या दाव्यांना प्रमाणाने कमी भरपाई मिळाली. म्हणून ‘आमची लाखोंची मालमत्ता गेली’ हे वाक्य अवतरणात ठेवा, आकडा स्वतःच्या तोंडी घेऊ नका. जुन्या वह्या आणि पत्रं अरबी वळणाच्या सिंधीत किंवा व्यापाऱ्यांच्या हटवाणिका लिपीत असतील. हटवाणिका वाचणारे आता फार थोडे आहेत, तेव्हा आधी नीट फोटो काढून ठेवा, वाचणारा नंतर शोधता येईल.

समतोल म्हणजे अर्धंअर्धं नव्हे

अनेकांना वाटतं की एका बाजूच्या अत्याचारासमोर दुसऱ्या बाजूचा तेवढाच अत्याचार ठेवला की समतोल झाला. तसं केलं तर दोन्ही बाजूंच्या माणसांचे नुसते मोजायचे आकडे होतात. ६ जानेवारीला कराचीत जे झालं ते झालं. मारले गेले ते शीख आणि हिंदू होते, लुटली गेली ती त्यांची घरं. ते मऊ शब्दांत लिहिणं हा समतोल नाही.

खरा समतोल कारणांत असतो. सिंधमध्ये हिंसा का पोचली, या प्रश्नाचं उत्तर सिंधच्या बाहेरही शोधावं लागतं. हैदराबादला दंगल झाली त्याच डिसेंबरमध्ये अजमेरला दंगली झाल्या होत्या आणि तिथून उखडलेली मुसलमान कुटुंबं हैदराबादला पोचत होती. कराची नव्या देशाची राजधानी झाली होती. तिथे उत्तर प्रदेश, दिल्ली, राजस्थान, काठियावाड, मुंबई इथून माणसं येत होती आणि घरं नव्हती. जुनागढजवळच्या बांटव्याचे मेमन नोव्हेंबर १९४७ मध्ये लुटले जाऊन कराचीला गेले. ज्याने आजींच्या घरावर कब्जा केला, तोही कुठल्या तरी घराची किल्ली हरवून आला असणं अगदी शक्य आहे. याने कब्जा योग्य ठरत नाही. पण वाचकाला कळतं की रिकाम्या घरासाठी एवढी घाई का होती, आणि भरलेलं घर रिकामं करून घेण्यात कुणाचा फायदा होता.

या दुसऱ्या बाजूची साक्ष तुमच्याकडे नसेल तर ती कल्पनेने लिहू नका. कराचीतल्या कुटुंबांच्या मुलाखती अनेक संग्रहांत आज ऐकायला मिळतात. त्यातली एखादी त्याच शहराची, त्याच महिन्याची शोधा. १९५१ च्या जनगणनांनुसार दोन्ही देशांत प्रत्येकी सत्तर लाखांहून अधिक माणसं आलेली होती, हा आकडा पार्श्वभूमीला द्यायला हरकत नाही. मृतांच्या संख्येबद्दल मात्र अंदाजांत फार अंतर आहे, तेव्हा सिंधच्या लेखात उपखंडाचा सर्वांत मोठा आकडा चिकटवू नका. सिंधमधली मनुष्यहानी पंजाबच्या मानाने पुष्कळ कमी होती. ते लिहिल्याने आजींचं दुःख लहान होत नाही. उलट खरा प्रश्न पुढे येतो: एवढी कत्तल झाली नसतानाही शहरांतला जवळजवळ सगळा हिंदू समाज का निघाला? भीती, घरांवरचा दबाव, नोकऱ्यांतून हळूहळू बाजूला पडणं, आधी गेलेल्या नातेवाइकांची पत्रं. या गोष्टी लिहिण्यात लेखाचं खरं मोल आहे.

कर्ता कोण हेही नीट लिहा. ‘मुसलमानांनी लुटलं’ आणि ‘जमावाने लुटलं’ या दोहोंत पहिलं वाक्य अख्ख्या समाजावर जातं, दुसरं कुणावरच जात नाही. सांगणाऱ्याला जेवढं माहीत आहे तेवढं लिहा: ‘बाहेरून आलेली माणसं, ज्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती’, किंवा ‘आमच्याच गल्लीतला दुकानदार पुढे होता’. मदत करणाऱ्या शेजाऱ्यालाही हाच नियम. चांगला मुसलमान शेजारी या कहाण्यांत इतक्यांदा येतो की वाचक त्याला सजावट समजतो. त्याने नेमकं काय केलं ते असेल तरच तो माणूस होतो: टांगा कुणाचा होता, स्टेशनपर्यंत तो सोबत बसला का, किल्ली त्याच्याकडे राहिली का, पुढे पत्र आलं का. त्याचं पूर्ण नाव मात्र छापू नका. त्याची नातवंडं आज तिथे राहतात आणि त्यांची संमती तुमच्याकडे नाही.

आणखी एक बाजू आपल्या इथली आहे. कल्याण, शहाड, अंबरनाथच्या आसपासच्या गावांतल्या लोकांनी हा लोंढा येताना पाहिला. त्यांच्या घरांतही आठवणी आहेत: पाण्यावरून झालेली भांडणं, बाजारात आलेली चढाओढ, बरॅकीतल्या मुलांबरोबरची शाळा, गाडीत पापड-गोळ्या विकणारी पोरं. या लोकांना फक्त यजमान किंवा फक्त विरोधक म्हणून उभं करू नका. त्यांना भेटा. मराठी वाचकासाठी लिहिताना हा भाग तुमच्याइतक्या सहजतेने दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. कराचीत राहणारी मराठी कुटुंबंही तेव्हा परतली. कोकणात कुणाच्या घरी कराचीचा फोटो भिंतीवर असेल, तर तोही या गोष्टीचाच भाग आहे.

फोटो, मथळा आणि छपाईआधीचं वाचन

फाळणी म्हटलं की टपांवर माणसं बसलेल्या आगगाड्यांचे फोटो लावले जातात. ते बहुतेक पंजाब-दिल्ली भागातले आहेत. बोटीने आलेल्या आजींच्या साक्षीला तो फोटो लावला की लेखातली सगळी मेहनत वाया जाते, कारण वाचकाला फोटोच आठवतो. घरातली वस्तू, बरॅकीचा आजचा दरवाजा, रेशनकार्ड असा फोटो लावा. कागदावरचा पत्ता आणि क्रमांक झाकायला विसरू नका.

मथळा शेवटी ठरवा आणि त्यातलं वाक्य साक्षीत जसं आलं तसंच घ्या. रक्त, ज्वाळा, मरणयातना हे शब्द आजींनी वापरले नसतील, तर ते मथळ्यात कुठून आले?

मग परत जा आणि वाचून दाखवा. लोक तीन प्रकारच्या दुरुस्त्या सांगतात. नाव, नातं, गल्ली यांची चूक लगेच सुधारा. ‘हे नको’ म्हटलं तर काढा, कारण विचारत बसू नका. तिसरा प्रकार अवघड: मुलगा म्हणतो, आईने सांगितलं ते बरोबर नाही, आमचे आजोबा कधी घाबरले नव्हते. तिथे आईचं वाक्य आईच्या नावाने ठेवा आणि मुलाचं म्हणणं त्याच्या नावाने शेजारी द्या, आई तयार असेल तर. दोघांची सरासरी काढून तिसरंच काही लिहू नका.

छापून झाल्यावर कुटुंबाला अंकाबरोबर पूर्ण रेकॉर्डिंगची प्रत द्या. फाइलच्या नावातच तारीख, गाव आणि भाषा घाला, आणि सोबत अर्ध्या पानाची नोंद ठेवा: कोण बोललं, खोलीत कोण होतं, कुठला भाग प्रसिद्ध करायचा नाही. हा शेवटचा मुद्दा रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तुमच्या आवाजातही सांगून ठेवा, कारण पुढे ध्वनिफीत एकीकडे आणि कागद दुसरीकडे जातो.